हातातले पाच लाख : कर्जात भरावेत की गुंतवावेत?

गृहकर्जाचे हप्ते चालू असताना हाती जादा रक्कम आली, की ती कर्जात भरावी की गुंतवावी असा प्रश्न उभा राहतो. एकीकडे कर्जफेड आणि दुसरीकडे गुंतवणूक, अशा दोन निराळ्या वाटा आहेत असे समजून बहुतेक घरांत त्याची चर्चा होते. खरे तर मुदतीआधी कर्ज फेडणे हीसुद्धा गुंतवणूकच आहे. कर्जाचा दर ८.५ टक्के असेल, तर जादा भरलेल्या प्रत्येक रुपयावर पुढे लागणारे ८.५ टक्के व्याज वाचते, आणि हे वाचलेले व्याज हाच त्या रुपयाचा परतावा. त्यावर प्राप्तिकर नाही, कारण वाचलेला खर्च हे उत्पन्न धरले जात नाही. तो बुडण्याची भीतीही नाही. त्यामुळे करमुक्त, जोखीमरहित आणि कर्जाच्या दराइतका परतावा देणारी ही गुंतवणूक उपलब्ध असताना दुसरी कोणती गुंतवणूक तिच्यापेक्षा सरस ठरते, एवढेच तपासायचे असते.

हे तपासण्याआधी कर्जावरचे व्याज कसे लागते ते नीट पाहायला हवे. समजा, पुण्यातल्या एका कुटुंबाने ५० लाखांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता ४३,३९१ रुपये बसतो. पहिल्या महिन्यात ५० लाखांवरचे व्याजच ३५,४१७ रुपये होते, म्हणून त्या हप्त्यातून मुद्दल फिटते ते केवळ ७,९७४ रुपये. पुढच्या महिन्यात मुद्दल किंचित कमी झालेले असते, त्यामुळे व्याज किंचित कमी आणि मुद्दलाचा वाटा किंचित जास्त. हा बदल इतका संथ असतो, की पाच वर्षांत ६० हप्ते, म्हणजे २६ लाखांहून अधिक रक्कम भरल्यावरही मुद्दल जेमतेम ५ लाख ९४ हजारांनी कमी झालेले असते. ४४ लाख ६ हजार रुपये अजून देणे असतात आणि १८० हप्ते शिल्लक असतात.

या आकड्यांवरून एक गैरसमज पसरलेला आहे. बँक सुरुवातीलाच सगळे व्याज वसूल करून घेते, त्यामुळे कर्ज निम्मे झाल्यावर जादा भरण्यात अर्थ उरत नाही, असे अनेकांना वाटते. बँक व्याज आधी घेत नाही. दर महिन्याला जेवढी बाकी असेल तेवढ्यावरच त्या महिन्याचे व्याज लागते. सुरुवातीला बाकी मोठी असते म्हणून व्याज मोठे दिसते. कर्ज तिसऱ्या वर्षात असो की सतराव्या, जादा भरलेला रुपया त्याच दराने व्याज वाचवतो. फरक पडतो तो किती वर्षे वाचवतो यात. शेवटच्या टप्प्यात एकूण बचत लहान दिसते, कारण वर्षेच थोडी उरलेली असतात. दर मात्र तोच राहतो.

पाच लाखांचे खरे मोल

पाच वर्षांनी, गावाकडच्या मालमत्तेच्या वाटणीतून, या कुटुंबाच्या हाती ५ लाख रुपये आले असे धरू. ते सगळे कर्जात भरले आणि हप्ता होता तेवढाच चालू ठेवला, तर १८० ऐवजी १४४ हप्त्यांत कर्ज संपते. तीन वर्षे आधी घर मोकळे होते आणि सुमारे १० लाख ७० हजार रुपयांचे व्याज वाचते. पाच लाख भरून दहा लाख सत्तर हजार वाचले, हे ऐकताना फार मोठा फायदा वाटतो. कर्ज आधी फेडावे असे सुचवणारे लेख याच आकड्यावर थांबतात.

पण हा फायदा बारा-पंधरा वर्षांत पसरलेला आहे. हे पैसे कर्जात न भरता ८.५ टक्क्यांनी, दरमहा चक्रवाढीने, १५ वर्षे वाढले असते तर १७ लाख ८१ हजार झाले असते. उलट, पाच लाख कर्जात भरले आणि कर्ज संपल्यावर मोकळे झालेले शेवटच्या तीन वर्षांचे हप्ते त्याच दराने कुठे गुंतवत गेले, तर पंधराव्या वर्षाच्या शेवटी हाती येणारी रक्कमही १७ लाख ८१ हजारच असते. दोन्हींचा हिशेब एकाच मुक्कामावर येतो. म्हणून दुसऱ्या कोणत्याही गुंतवणुकीने पंधरा वर्षांत, कर वजा जाता, हा १७ लाख ८१ हजारांचा आकडा गाठायला हवा. ‘वाचलेले व्याज’ आणि ‘वाढलेली गुंतवणूक’ यांची थेट तुलना करणे चूक आहे, कारण पहिल्या आकड्यात मोकळ्या झालेल्या हप्त्यांची पुढची वाढ धरलेलीच नसते.

आता मुदत ठेव घेऊ. मराठी मध्यमवर्गीय घरांत गृहकर्ज आणि मुदत ठेव शेजारी शेजारी नांदताना सर्रास दिसतात. ठेवीचा दर ६.५ टक्के धरला आणि ठेवीदार ३० टक्के कराच्या टप्प्यात असेल, तर अधिभार धरून ३१.२ टक्के कर जातो आणि हाती साधारण ४.५ टक्के उरतात. या दराने पाच लाखांचे पंधरा वर्षांत ९ लाख ६० हजारांच्या आसपास होतात. कर्जात भरले असते तर १७ लाख ८१ हजारांचे मोल होते. म्हणजे त्याच, किंबहुना त्याच बँकेकडून ८.५ टक्क्यांनी पैसे घेऊन तिलाच साडेचार टक्क्यांनी परत द्यायचे, असा हा व्यवहार होतो. २० टक्के कराच्या टप्प्यातही ठेवीतून पाच टक्क्यांच्या थोडेच वर उरते. अडीअडचणीसाठी लागणारी रक्कम सोडली, तर कर्ज अंगावर असताना मोठ्या ठेवी बाळगण्याचे समर्थन करता येत नाही. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांच्या नफ्यावरही आता उत्पन्नाच्या टप्प्यानुसारच कर लागतो, त्यामुळे त्यांची गत फारशी वेगळी नाही.

सुरक्षित पर्यायांत एकच अपवाद विचारात घेण्यासारखा आहे, तो म्हणजे भविष्य निर्वाह निधीत स्वेच्छेने वाढवलेली वर्गणी. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी तिथे ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले आणि कर्मचाऱ्याची स्वतःची वार्षिक वर्गणी अडीच लाखांच्या आत असेल तर ते करमुक्त असते. कर्जाचा दर साडेसात टक्क्यांच्या आसपास असेल तर हा पर्याय जोखीम न वाढवता कर्जफेडीपेक्षा सरस ठरतो, ८.५ टक्के असेल तर नाही. मात्र ही वर्गणी पगारातून दरमहा कापली जाते, त्यामुळे एकरकमी पैशापेक्षा ती पगारवाढीतून उरणाऱ्या पैशाला अधिक सोयीची आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा म्हणजे पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे, आणि तो ८.५ च्या पुढे टिकत नाही.

शेअर बाजाराशी तुलना

कर्जफेडीला खरा प्रतिस्पर्धी शेअर बाजार आहे. पाच लाख एखाद्या इंडेक्स फंडात १५ वर्षे ठेवले आणि वर्षाला १२ टक्के वाढ मिळाली, तर २७ लाख ३७ हजार होतात. जुलै २०२४ पासून शेअरमधल्या दीर्घकालीन नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखापर्यंतची सूट सोडून, १२.५ टक्के कर आहे. तो अधिभारासह एकदम भरला तरी हाती सुमारे २४ लाख ६० हजार राहतात. कर्जफेडीच्या १७ लाख ८१ हजारांपेक्षा ते जवळजवळ सात लाखांनी जास्त आहेत. दहा टक्के वाढ धरली, तर कर जाऊन १९ लाखांच्या आसपास उरतात आणि फरक सव्वा लाखावर येतो. आठ टक्के धरली, तर हाती १४ लाख ६० हजार येतात, म्हणजे पैसे कर्जात भरले असते तर बरे झाले असते.

या तीन उत्तरांच्या मधला सीमेचा आकडा काढता येतो आणि साऱ्या निर्णयात तोच सर्वांत उपयोगी आहे. ८.५ टक्क्यांच्या कर्जाची बरोबरी करायला शेअरमधल्या गुंतवणुकीला पंधरा वर्षे दरसाल सुमारे ९.५ टक्के मिळवावे लागतात. साधारण नियम असा, की दीर्घ मुदतीत कर्जाच्या दराहून एक टक्का जास्त मिळाला की बरोबरी होते आणि त्यावर मिळेल तो फायदा. भारतीय बाजाराने लांब पल्ल्यात यापेक्षा जास्त दिलेले आहे. त्यामुळे कागदावर गुंतवणूक जिंकते आणि ‘कर्ज फेडू नका, एसआयपी करा’ हा सल्ला त्यातूनच येतो.

या सल्ल्यात एक गोष्ट गाळलेली असते. कर्जफेडीचा परतावा ठरलेला आहे, बाजाराचा नाही, आणि ठरलेल्या साडेआठ टक्क्यांची बरोबरी न ठरलेल्या साडेनऊ टक्क्यांशी होत नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० ची पातळी गाठली होती. ऑक्टोबरमध्ये तो ९,००० च्या खाली बंद झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये तो पुन्हा २१,००० वर आला, पण लगेच घसरला, आणि त्या पातळीवर पाय रोवायला २०१३ चा शेवट उजाडला. मधल्या काळात लाभांश मिळत राहिला हे खरे, पण ज्याने २००८ च्या सुरुवातीला पैसे गुंतवले त्याला जवळजवळ सहा वर्षे सूचकांकात वाढ दिसली नाही, आणि त्याच्या गृहकर्जावर मात्र महिन्याच्या महिन्याला व्याज लागतच होते. पंधरा वर्षे थांबू शकणाऱ्याला या सहा वर्षांची झळ सोसता येते. ज्याचे कर्ज चार-पाच वर्षांतच संपणार आहे किंवा ज्याला सात वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी तीच रक्कम लागणार आहे, त्याला ती सोसत नाही. म्हणून मुदत दहा वर्षांहून कमी असेल तर ही तुलनाच करू नये. पैसे कर्जात भरावेत.

एक कसोटी इथे कामाची आहे. हे कुटुंब कर्जमुक्त असते, तर घर गहाण ठेवून ८.५ टक्क्यांनी पाच लाख उचलून ते शेअर बाजारात टाकले असते का? बहुतेक जण ‘छे, मुळीच नाही’ म्हणतील. पण कर्ज चालू ठेवून पाच लाख बाजारात टाकणे म्हणजे आर्थिकदृष्ट्या नेमके हेच आहे. ज्याचे उत्तर विचारपूर्वक ‘हो’ आहे, बाजार निम्म्यावर आला तरी जो विकायला धावणार नाही, त्याने जरूर गुंतवावे. शिवाय गुंतवणूक झालीच पाहिजे. पुष्कळ घरांत ‘कर्जात न भरता गुंतवू’ असे ठरते आणि पैसे बचत खात्यात तीन टक्क्यांच्या आत पडून राहतात, मग त्यातून नवी गाडी किंवा फर्निचर निघते. कागदावरचा फायदा अशा घरांना कधीच मिळत नाही.

कराचा हिशेब कोणाला लागू पडतो

‘कर्ज फेडू नका, करसवलत जाईल’ हे वाक्य नोकरदारांत वर्षानुवर्षे फिरत आहे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली मूळ पर्याय झाली आणि तीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट मिळत नाही. आता मोठ्या संख्येने नोकरदार याच प्रणालीत आहेत. त्यांच्यासाठी हा मुद्दा संपलेला आहे, त्यांना ८.५ टक्क्यांचे कर्ज पुरते ८.५ टक्क्यांनाच पडते. घर भाड्याने दिलेले असेल, तर भाड्याच्या उत्पन्नातून व्याज वजा होते, तेव्हा हिशेब निराळा.

जुनी प्रणाली निवडणाऱ्यांना राहत्या घराच्या व्याजाची वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. इथेही बारकाईने पाहिले तर सहज नजरेतून सुटणारी गोष्ट दिसते. उदाहरणातल्या कुटुंबाचे सहाव्या वर्षातले व्याज सुमारे ३ लाख ७० हजार आहे. वजावट दोन लाखांचीच, म्हणजे वरच्या १ लाख ७० हजारांवर करसवलत मिळतच नाही. पाच लाख भरल्यावर वर्षाचे व्याज साधारण बेचाळीस-त्रेचाळीस हजारांनी उतरते, तरीही ते दोन लाखांच्या बरेच वर राहते. त्यामुळे या टप्प्यावर कर्ज फेडल्याने एक रुपयाचीही करसवलत जात नाही.

चित्र बदलते ते बाकी सुमारे साडेतेवीस लाखांच्या खाली गेल्यावर, कारण तेव्हा वर्षाचे व्याज दोन लाखांच्या आत येते. आता प्रत्येक रुपयाच्या व्याजावर सवलत लागू होते, आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला ८.५ टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात ५.८५ टक्क्यांना पडू लागते. घर नवरा-बायकोच्या नावावर आणि कर्जही दोघांचे असेल, तर दोघांना स्वतंत्र दोन लाखांची मर्यादा मिळते आणि ही रेषा आणखी वर सरकते. इतक्या स्वस्त कर्जाची घाईने परतफेड करण्यात अर्थ नाही. म्हणजे जुन्या करप्रणालीत कर्ज मोठे असताना जादा भरणे हितकारक, आणि ते आटोक्यात आल्यावर थांबून गुंतवणूक करणे हितकारक. लोक बहुधा याच्या उलट वागतात. सुरुवातीला हप्त्यांच्या ओढीत काही भरत नाहीत, आणि शेवटी थोडेसे उरले की ‘एकदाचे संपवून टाकू’ म्हणून सगळी पुंजी त्यात घालतात.

आधी दर, मग रक्कम

एक पैसाही जादा न भरता कर्ज लहान करण्याचा मार्ग अनेक कर्जदारांनी वापरलेलाच नसतो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाहेरच्या मापदंडाशी जोडावी लागतात आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरवावा लागतो. त्याआधीची कर्जे बँकेच्या स्वतःच्या अंतर्गत दराशी बांधलेली असतात, आणि रिझर्व्ह बँकेने रेपो उतरवला तरी त्यांचा दर सावकाश उतरतो. शिवाय रेपोशी जोडलेल्या कर्जातही बँक रेपोवर स्वतःचा ठरावीक वरचा टक्का लावते, आणि नव्या ग्राहकाला तो जुन्यापेक्षा कमी लावला जातो असे आढळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.५ टक्क्यांवरून उतरू लागलेला रेपो डिसेंबरमध्ये ५.२५ वर आला. एवढ्या घसरणीनंतरही ज्याचा दर हललेला नाही, त्याने आधी बँकेकडे लेखी अर्ज करावा. थोडे शुल्क घेऊन बँक दर बदलून देते. नकार मिळालाच, तर कर्ज दुसऱ्या बँकेकडे हलवता येते, मात्र प्रक्रिया शुल्क, कायदेशीर तपासणी आणि मुद्रांकाचा खर्च त्यात धरावा लागतो.

याचे बळ किती? उदाहरणातल्या ४४ लाख ६ हजारांच्या बाकीवर दर ८.५ वरून ७.७५ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर १८० ऐवजी १६६ हप्ते लागतात. शुल्क सोडले तर खिशातून काहीही न जाता चौदा हप्ते, म्हणजे सहा लाखांहून अधिक रक्कम वाचते.

दर उलट दिशेलाही जातात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. बँकांनी पुष्कळांचा हप्ता वाढवला नाही, मुदत वाढवली. सात टक्के दराने २० वर्षांसाठी ५० लाख घेतलेल्याचा हप्ता ३८,७६५ रुपये असतो. दर साडेनऊ झाला तर केवळ महिन्याचे व्याज ३९,५८३ रुपये होते. हप्त्यातून व्याजही भागत नाही आणि भरता भरता कर्ज वाढत जाते. असे होऊ नये म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केले. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला द्यायचा. आणि दर तिमाहीला मुद्दल व व्याजापोटी झालेली वसुली, चालू दर आणि उरलेले हप्ते दाखवणारा तक्ता द्यायचा. हा तक्ता वाचणे हाच आपल्या कर्जाची प्रकृती ओळखण्याचा मार्ग आहे. उरलेल्या हप्त्यांची संख्या मूळ हिशेबापेक्षा जास्त दिसली, किंवा कर्ज निवृत्तीच्या वयापलीकडे जाताना दिसले, तर बाजारातल्या परताव्याची चर्चा बाजूला ठेवून आधी बाकी खाली आणावी.

कर्जात गेलेले पैसे परत येत नाहीत

कर्जात पाच लाख भरले म्हणून पुढच्या महिन्याचा हप्ता माफ होत नाही. जादा भरलेली रक्कम मुदतीच्या शेवटचे हप्ते खाते, पुढचे नव्हे. तीन महिन्यांनी नोकरी गेली, तर पाच लाख भरलेल्याला आणि न भरलेल्याला त्या महिन्याचा ४३,३९१ रुपयांचा हप्ता सारखाच भरावा लागतो, आणि भरलेल्याजवळ आता पैसे नसतात. बँकेकडून तेच पैसे वाढीव कर्ज म्हणून परत मागायचे तर उत्पन्नाचा पुरावा लागतो, आणि नेमका तोच तेव्हा नसतो. म्हणून घरखर्च आणि हप्ता मिळून किमान सहा महिन्यांची रक्कम हाताशी असल्याखेरीज कर्जात जादा भरू नये. ही रक्कम ठेवीत कमी व्याजावर राहिली तरी चालेल. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर तेही आधी फेडावे, कारण त्यांचे दर गृहकर्जापेक्षा कितीतरी चढे असतात.

पैसे अडकूही नयेत आणि व्याजही वाचावे अशी सोय काही बँकांच्या ओव्हरड्राफ्ट प्रकारच्या गृहकर्जात असते. स्टेट बँकेची ‘मॅक्सगेन’ ही त्यांतली परिचित योजना. या खात्यात जादा रक्कम ठेवली की तेवढ्यापुरते व्याज लागत नाही, आणि गरज पडली तर ती काढून घेता येते. अशा कर्जाचा दर साधारणपणे थोडा जास्त असतो. उत्पन्न अनियमित असलेल्या व्यावसायिकाला तो परवडतो. खात्यात पैसे दिसले की खर्च होतात अशा घराला साधे कर्जच बरे.

जादा रक्कम भरायचे ठरले, की बँक हप्ता कमी करायचा की मुदत, असे विचारते. पाच लाख भरून मुदत तीच ठेवली तर हप्ता ३८,४६७ रुपयांवर येतो आणि एकूण व्याज सुमारे ३ लाख ९० हजारांनीच वाचते. हप्ता तोच ठेवून मुदत घटवली तर १० लाख ७० हजार वाचतात. यात बँकेची काही युक्ती नाही, दुसऱ्या पर्यायात कर्जदार दरमहा पाच हजार रुपये जास्त भरत राहतो एवढेच. उत्पन्न स्थिर असेल तर मुदत घटवावी, घरात एकाचीच मिळकत उरली असेल तर हप्ता. अर्जात हवा तो पर्याय स्पष्ट लिहून नवा परतफेडीचा तक्ता मागून घ्यावा. व्यक्तीने घरासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क लावता येत नाही; स्थिर दराच्या कर्जावर ते असू शकते, म्हणून करारपत्र आधी पाहावे.

आता उदाहरणातल्या कुटुंबाचा निर्णय. वय अडतीस, नवी करप्रणाली, घरखर्च साठ हजार आणि हप्ता त्रेचाळीस हजार, म्हणजे सहा महिन्यांसाठी सहा लाखांच्या थोडे वर लागतात, आणि ठेव चारच लाखांची. पाचांतले दोन लाख या राखीव रकमेत जावेत. दर बदलून घेण्याचा अर्ज आजच करावा. तो ७.७५ टक्के झाला आणि उरलेले तीन लाख कर्जात भरले, तर १८० चे १४७ हप्ते होतात. जुन्याच दराने सगळे पाच लाख भरून ३६ हप्ते वाचत होते. इथे तीनच लाखांत ३३ वाचले आणि दोन लाख हाताशी राहिले. दर ७.७५ झाल्यावर बाजाराकडून हवी असलेली किमान वाढही साडेनऊवरून साडेआठच्या किंचित वर येते. त्यामुळे भविष्य निर्वाह निधीपलीकडे ज्यांची शेअरमध्ये काहीच गुंतवणूक नाही, अशांनी हे तीन लाख दीर्घ मुदतीसाठी इंडेक्स फंडात ठेवले तरी तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. मग पगारवाढीतून वर्षाला एक जादा हप्ता कर्जात भरावा, जुन्या ८.५ टक्के दरानेही एवढ्यानेच १८० चे सुमारे १५५ हप्ते होतात. बाजारातला चढउतार पाहून ज्यांची झोप उडते, त्यांनी तीन लाख कर्जातच भरावेत. त्यांना हमखास पावणेआठ टक्के मिळतात, आणि त्याच खात्रीने करमुक्त एवढे देणारी दुसरी ठेव बँकेत नाही.

कर्ज पूर्ण फिटल्यावर घराचे मूळ दस्त मागून घेणे, बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र घेणे आणि गृहनिर्माण संस्थेच्या नोंदवहीतला बँकेचा बोजा काढून घेणे ही कामे लगेच करावीत. डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि तिच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपयांची भरपाई कर्जदाराला मिळते.